लोकेशन बंद केलंय, रागावू नकोस

प्रिय छोट्या,

काल रात्री बॅग भरता भरता तू माझा फोन मागून घेतलास आणि दोन मिनिटांत परत दिलास. "ताई, लोकेशन चालू करून ठेवलंय. मी कुठे आहे ते तुला कधीही दिसेल. आता काळजी नको करूस," म्हणालास. तू झोपल्यावर मी ते बंद केलं. बंद करण्याआधी बारा वेळा उघडून पाहिलं, हेही सांगून टाकते. तू शेजारच्या खोलीत घोरत होतास आणि मी नकाशावरचा तुझा ठिपका बघत होते. ठिपका आपल्याच घरावर होता. तरी दर थोड्या वेळाने वाटत होतं, एकदा बघून घ्यावं. तेराव्यांदा हात फोनकडे गेला तेव्हा माझं मलाच हसू आलं आणि पाठोपाठ भीती वाटली, कारण हा हात मी चांगला ओळखते.

तोंडाने सांगायला गेले असते तर तू थट्टेवारी नेलं असतंस नाहीतर मी रडले असते. म्हणून लिहून देते. विमानात वाच.

माझ्या आजारपणाचं तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं, आणि तू होतासच की तिथे. पण तू १४ वर्षांचा होतास आणि बरंचसं तुझ्यापासून लपवलेलं होतं. सुरुवात बसमध्ये झाली. मी २३ची होते. कसलंही टेन्शन नव्हतं, कोणाशी भांडण नव्हतं. दांडीला धरून उभी होते आणि एकाएकी छाती अशी धडधडायला लागली की वरच्या दांडीवरचा माझा हात मला हलताना दिसत होता. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. श्वास घेतेय पण आत पुरेसा जातच नाही असं वाटत होतं. आपण आत्ता, या लोकांच्या पायांत पडून मरणार याबद्दल मला जराही शंका नव्हती. पुढच्या थांब्याला उतरले, फुटपाथच्या कठड्यावर बसले. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं ओसरलं.

दवाखान्यात ईसीजी झाला, रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक असावा, विचार करणं कमी करा. हा सल्ला मला आजपर्यंत किती जणांनी दिलाय त्याची गणती नाही. कसा अमलात आणायचा ते मात्र एकानेही सांगितलं नाही.

त्या पंचवीस मिनिटांत शरीरात काय चाललेलं असतं ते मला दोन वर्षांनी कळलं. तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर बराच त्रास वाचला असता, म्हणून तुला आधीच सांगते. घाबरल्यावर श्वास भराभर चालतो. त्या घाईत कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण घटलं की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात. म्हणून डोकं हलकं होतं, बोटं झिणझिणतात, आजूबाजूचं सगळं खोटं खोटं वाटतं. गंमत अशी की याच अवस्थेत श्वास अपुरा पडतोय असंही वाटतं. मग माणूस आणखी जोरात श्वास ओढतो आणि आणखी खोलात जातो. धडधड होते ती अ‍ॅड्रिनॅलिनमुळे. पळून जायला किंवा लढायला शरीर तयार झालेलं असतं, फक्त समोर काही नसतं. चक्कर येऊन पडायला रक्तदाब एकदम खाली यावा लागतो. पॅनिकमध्ये तो बहुतेक वेळा वर गेलेला असतो, म्हणून 'आता पडणार' हे कितीही खरं वाटलं तरी सहसा कोणी पडत नाही. आणि हे सगळं साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतं आणि मग उतरायला लागतं. काही केलं तरी उतरतं, काही नाही केलं तरी उतरतं.

ही शेवटची गोष्ट मला कधी शिकताच आली नाही, कारण दर वेळी मी काही ना काही करत होते. बसमधून उतरत होते. आणि तुला फोन करत होते.

आठवतंय ना? "ऐक ना, माझा आवाज नीट येतोय ना? मी ठीक आहे ना?" तू शाळेतून नुकताच आलेला असायचास. "हो ताई, ठीक आहेस," म्हणायचास. मला खरंच बरं वाटायचं. पुन्हा धडधड सुरू झाली की पुन्हा फोन. आईला मी जास्त विचारत नसे, कारण आई घाबरायची आणि तिची भीती मला चढायची. तू घाबरायचा नाहीस, निदान तसं दाखवायचा नाहीस. म्हणून माझं औषध तू होतास. एका रात्री तर मी न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून, तुला तुझ्या खोलीत सतरा वेळा फोन केला होता. आपल्या दोघांच्या मध्ये एक भिंत होती.

थेरपी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, लहानपणाबद्दल विचारतील. थेरपिस्टबाईंनी मला पुठ्ठ्याची कार्डं दिली. पहिल्या आठवड्यात एकच काम होतं: 'मी ठीक आहे ना' या जातीचा प्रश्न कोणालाही विचारला की लिहायचं. वेळ लिहायची, प्रश्न लिहायचा आणि शून्य ते शंभरमध्ये भीतीचे तीन आकडे टाकायचे. विचारण्याआधीचा, उत्तर मिळाल्याबरोबरचा आणि अर्ध्या तासानंतरचा.

त्यातलं एक कार्ड अजून माझ्याकडे आहे. "सकाळी ९.४०. छातीत डावीकडे टोचतंय, स्नायूच असेल ना? ८०. ३५. ७०." त्याखाली, "१०.२०. स्नायू असेल तर हात वर केल्यावर दुखायला हवं ना? ७५. ४०. ७५." अशी त्या आठवड्यात ४३ प्रश्नांची भरती झाली. तुला विचारलेले २६, आईला ११, आणि ६ इंटरनेटला. बाईंनी एक शब्दही न बोलता शेवटच्या आकड्यांवरून पेन्सिल फिरवली. सत्तर, पंचाहत्तर, सत्तर, ऐंशी. तुझं उत्तर मला खरंच खाली आणायचं, पण अर्ध्या तासात मी होते तिथेच परत यायचे, आणि पुढचा प्रश्न आधीच्यापेक्षा बारीक असायचा. वर त्यातून डोक्याने एक धडा घेतला होता: मी वाचले, कारण छोट्याने सांगितलं. म्हणजे छोट्या फोनवर नसेल त्या दिवशी मी गेलेच.

दिलासा मागणं हा आजारावरचा उतारा आहे असं मी समजत होते. तो आजाराचाच भाग होता, हे मला त्या पेन्सिलीच्या रेघेने दाखवलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने. बाईंनी तुला एका सेशनला बोलावलं होतं. तू शाळेच्या गणवेशात आला होतास आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होतास. तिथे आपण तिघांनी मिळून एक वाक्य ठरवलं. माझा तसला प्रश्न आला की तू म्हणायचं, "ताई, हा तोच प्रश्न आहे. मी उत्तर देणार नाही. पण फोन ठेवतही नाही." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण तिला खरंच काही झालं तर?" असं तू विचारलंस. बाई म्हणाल्या, तपासण्या एकदा नीट झाल्या आहेत, काही नवीन आणि वेगळं झालं तर ती डॉक्टरकडे जाईल. ते ठरवणं तुझं काम नाही. तू पंधरा वर्षांचा आहेस. मला वाटतं, त्या दिवशी माझ्याआधी तू सुटलास.

पहिल्या रात्री तू ते वाक्य म्हणालास आणि मी ओरडले. तुला माझी पर्वा नाही, असं काहीतरी बोलले. तू गप्प राहिलास. फोन चालू होता. पलीकडून तुझ्या वहीची पानं उलटल्याचा आवाज येत होता, तू गणितं सोडवत होतास. मला इतका राग आला होता की काय सांगू. पण कार्ड भरायचं होतं म्हणून मी आकडे टाकत बसले. ८०. पाच मिनिटांनी ८५. मग ७०. बाविसाव्या मिनिटाला ३०. आणि अर्ध्या तासाने पाहिलं तेव्हा तो आकडा परत वर गेलेला नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भीती कोणाच्याही उत्तराशिवाय, आपली आपण, खाली आली होती.

हे वाचायला छान वाटतं म्हणून लगेच सांगते, त्यानंतरचा आठवडा आधीपेक्षा वाईट गेला. नेहमीचं उत्तर मिळेनासं झालं की मन आधी जोरात मागणी करतं. प्रश्न वाढले, मी आईकडे वळले, मग आईलाही तेच वाक्य शिकवावं लागलं, आणि तिला ते कधीच धड जमलं नाही. मग 'आधी दहा मिनिटं थांबायचं, नंतर विचारायचं' असं ठेवलं. मग वीस. मग बस. बसमध्ये चढण्याआधी कार्डावर लिहायचं, 'काय होईल असं वाटतंय', आणि उतरल्यावर 'काय झालं'. पहिल्या कार्डावर "तिसऱ्या थांब्याच्या आत पडेन, खात्री ९०" असं लिहिलंय. पुढच्या रकान्यात "पडले नाही. घाम फुटला. एक बाई म्हणाली बसा, मी बसले नाही." बसमध्ये भीती वाटू नये हा हेतूच नव्हता. भीती पूर्ण भरात असतानाही मी ज्याची खात्री धरलीय ते घडत नाही, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. अकराव्या कार्डापर्यंत ती खात्री २० वर आली. भीती त्यानंतरही बरेच दिवस येत राहिली, पण तिचं म्हणणं कोणी ऐकेनासं झालं.

आणि गोळी होती. ती लपवायची आपल्याकडे पद्धत पडलीय, मी नाही लपवणार. पहिले आठ-दहा दिवस तिने अस्वस्थपणा वाढवलाच. तसं होऊ शकतं हे मानसोपचारतज्ज्ञांनी आधी सांगितलं होतं म्हणून मी ती सोडली नाही. फरक पडायला महिना-सव्वा महिना गेला. बरं वाटायला लागल्यावरही वर्षभर चालू ठेवली आणि मग त्यांच्याच सल्ल्याने काही महिन्यांत थोडी थोडी कमी करत बंद केली. गोळीशिवाय ती कार्डं भरण्याइतकं डोकं जागेवर आलं असतं असं मला वाटत नाही.

आता तुझं. मागच्या महिन्यात गच्चीवर तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "हे मलाही होऊ शकतं का गं?" मी विषय बदलला. उत्तर देते. होऊ शकतं. सख्ख्या भावंडांत असेल तर शक्यता इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असते, आणि तुझं हेच वय असतं सुरुवात व्हायचं. पण जास्त शक्यता असूनही बहुतेक भावंडांना होत नाही.

नवीन जागी पहिले काही आठवडे झोप बिघडेल, छातीत उगाच धडधडेल, पोटात गोळा येईल. त्यावरून काहीही ठरवू नकोस. तिकडची वेळ अंगवळणी पडेपर्यंत सगळ्यांचंच तसं होतं, आणि तू रात्र जागून वर चार कप कॉफी पिणार हे मला माहीत आहे. कॉफीने माझ्यासारखीला सरळ अटॅक येऊ शकतो, तुझ्यासारख्याला निदान धडधड तरी होतेच. घाबरण्याआधी कप मोज.

भीती किती वाटते यापेक्षा आपण काय काय करायचं सोडलंय ते बघ. माझी बस एका दिवसात सुटली नाही. आधी गर्दीची बस सोडली, मग उभं राहून जाणं सोडलं, मग खिडकीची जागा मिळाली तरच, मग रिक्षा, मग "घरूनच काम करते ना". प्रत्येक पायरीला माझ्याकडे एक अगदी शहाणं कारण होतं. तुझ्याही बाबतीत तसंच होईल. वर्गात दाराजवळची जागा, कारण नंतर लवकर निघायचं असतं. लेक्चरचं रेकॉर्डिंग बघू, कारण घरी जास्त लक्ष लागतं. प्रेझेंटेशन तू कर, स्लाइड मी बनवतो, कारण माझी स्लाइड चांगली होते. गाइडच्या ईमेलला उद्या उत्तर देऊ. यातली एखादी गोष्ट कोणीही करतं. तीन-चार गोष्टी एकदम जमल्या, दोन-तीन आठवडे टिकल्या आणि सोडलेलं काही परत हातात आलं नाही, तर मात्र तिकडच्या समुपदेशन केंद्रात जा. ते केंद्र कुठे आहे आणि अपॉइंटमेंट कशी घ्यायची हे पहिल्याच आठवड्यात, चांगला असताना, बघून ठेव. डॉक्टरकडे नाव नोंदवायचं असेल तर तेही तेव्हाच. अशा ठिकाणी रांग असू शकते, आणि आजारी माणसाला साधा फॉर्म भरणंही डोंगराएवढं होतं. मी तो फॉर्म तीन आठवडे उघडून मिटत होते.

छातीत दुखलं, पहिल्यांदाच तसं काही झालं, तर ते पॅनिकच आहे असं तू आपल्या मनाने ठरवायचं नाहीस. तिकडचा आपत्कालीन नंबर फोनमध्ये घालून ठेव आणि तो लाव. मला लावू नकोस, मी हजारो किलोमीटरवरून काय सांगणार? एकदा नीट तपासून घ्यायचं. सगळं ठीक निघालं तर त्याच त्याच गोष्टीसाठी दर आठवड्याला तपासायचं नाही. मी चार महिन्यांत तीन ईसीजी काढले होते. तिसऱ्याचा दिलासा घरी पोहोचेपर्यंतही टिकला नाही.

आणि जर कधी मनात आलं की जगूच नये, किंवा आपण नसलो तर बरं, तर वरचे सगळे नियम गुंडाळून ठेव. तो 'तोच प्रश्न' नव्हे. रात्रीचे तीन असोत, माझी मीटिंग असो, फोन कर आणि जवळ जो कोणी असेल त्याचं दारही वाजव. मलाही तसं वाटलं होतं, दोनदा. तुला हे माहीत नव्हतं. आता झालं.

उरले मी. तू निघालायस हे कळल्यापासून माझा तो जुना प्रश्न नवे कपडे घालून आलाय. 'मी ठीक आहे ना' च्या जागी 'तो ठीक आहे ना' आलंय. आत्ताच मला माहीत आहे की तुझा मेसेज चार तास आला नाही तर मी तिकडचं हवामान बघेन, मग बातम्या, मग तू शेवटचा ऑनलाइन कधी होतास ते. हातात तो ठिपका असेल तर तुला भूक लागलीय की नाही हेही मी त्याच्यावरून ठरवायला बसेन. ठिपका दवाखान्याच्या रस्त्यावर दिसला तर काय होईल याचा तू विचारच करू नकोस. म्हणून बंद केलंय.

रविवारी बोलू, निवांत. मधल्या दिवसांत तुला सांगावंसं वाटलं तर सांग, पण केवळ मला बरं वाटावं म्हणून 'जेवलो', 'झोपतो', 'उठलो' असले मेसेज पाठवू नकोस. एखादा रविवार चुकला तर मी सोमवार संध्याकाळपर्यंत थांबेन, आणि मगच फोन करेन. आणि मी मधेच कधी "सगळं नीट आहे ना? नक्की ना?" असं दोनदा विचारलं, तर तुला ते वाक्य पाठ आहे. म्हण. मी ओरडले तरी म्हण. वही उघडून गणितं करत बस.

पोहोचल्यावर कळवायचंच नाही असं मात्र मी म्हणत नाहीये, तेवढी मी सुधारलेली नाही. एकदा कळव. 'पोहोचलो' एवढंच. एकदाच.

तुझ्यासाठी हे लिहायला बसण्याआधी मी कपाटातून जुन्या कार्डांचा गठ्ठा काढला. तीन कोरी निघाली. एकावर उद्याची तारीख घातलीय. पहिल्या रकान्यात लिहिलंय, "विमान उतरायच्या वेळेनंतर दोन तासांत मेसेज आला नाही तर त्याला काहीतरी झालेलं असेल." दुसऱ्यात, "खात्री ६५." तिसरा रकाना परवा भरेन.

तुझी,
ताई